लिमिट सोळा लाखांचं, डीपी साडेपाच लाखांची

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. वर्षाची उलाढाल ८० लाखांच्या आसपास. दर वर्षी मे महिन्यात बियाणं-खत भरायला मोंढ्यातल्या आडत्याकडून १० लाख उचलतो, महिना दोन टक्क्यांनी, आणि सुगीला फेडतो. आता बँकेचे साहेब म्हणतात, १६ लाखांची सीसी, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायचं-भरायचं कॅश क्रेडिट, घ्या, त्यातूनच दुकानामागचं गोदामही बांधून होईल. जागा माझीच आहे, पत्र्याच्या गोदामाचा खर्च ८ लाख. सध्या भाड्याच्या गोदामाला महिना ४,५०० जातात. मेहुणे म्हणतात, मुदत कर्ज घे, हप्ता बांधला की डोक्याला ताप नाही. बायको म्हणते, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ६ लाखांची एफडी आहे, तिच्यावर ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, सगळ्यात स्वस्त मिळतो. तिघांपैकी कुणाचं ऐकू? सगळ्यात स्वस्त कोणतं पडेल?

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तिघांचंही थोडं थोडं ऐका, पण तिघं ज्या कामासाठी सांगताहेत त्या कामासाठी नको. गोंधळ होतोय तो ‘स्वस्त कोणतं’ या प्रश्नापाशी. व्याजदर मी शेवटी बघते. आधी बघायचं ते हे, की रुपया कशात घालताय आणि तो परत कधी येणार. युरियाच्या पोत्यात घातलेला रुपया तुमच्याकडे सहा महिन्यांत परत येतो. गोदामाच्या पत्र्यात घातलेला यायला सात-आठ वर्षं लागतात. या दोन रुपयांना एकाच खात्यात बसवलं, की खातं आजारी पडतं. बँकेच्या कर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली. बुडालेली जी दुकानं पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांचा धंदा चांगला चालत होता, पैसा चुकीच्या खात्यातून उचलला होता एवढंच.

आता साहेबांचे १६ लाख आले कुठून ते सांगते, म्हणजे त्या आकड्याचं दडपण जाईल. लहान उद्योग-व्यापाराला खेळतं भांडवल किती द्यायचं याचा एक सरळ हिशोब बँका नायक समितीच्या शिफारशींपासून वापरत आल्या आहेत. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के एवढं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के धंदेवाल्याने घालायचे. ८० लाखांचे २० टक्के म्हणजे १६ लाख. तुमचं दुकान, तुमची उधारी, तुमचा हंगाम यांतलं काही न बघता निघालेला हा आकडा आहे. २५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, अर्थात तीन महिन्यांची विक्री. पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असं त्यात गृहीत आहे. किराणा दुकानात तो त्याहून लवकर येतो. तुमच्याकडे जूनमध्ये उधार दिलेलं पोतं सोयाबीन मोंढ्यात आल्यावर वसूल होतं, आणि कापूसवाला शेतकरी असेल तर संक्रांत उजाडते.

शिवाय १६ लाखांचं लिमिट मंजूर झालं म्हणजे १६ लाख उचलता येतात, हेही खरं नाही. सीसीत मंजूर लिमिट ही वरची हद्द. खरा आकडा असतो तो ड्रॉइंग पॉवरचा, ज्याला बँकेत सगळे डीपी म्हणतात, आणि तो दर महिन्याला बदलतो. तुम्ही महिनाअखेरचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. त्यात दुकान-गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडून येणं आणि कंपन्यांचं देणं लिहायचं. ज्या मालाचे पैसे तुम्ही अजून कंपनीला दिलेले नाहीत तो माल बँक वजा करते, कारण तो तुमचा झालेलाच नाही. उरलेल्या मालावर साधारण २५ टक्के मार्जिन कापते. येण्यावर जास्त कापते, ४० टक्के धरा. आणि ९० दिवसांहून जुनं येणं सहसा धरतच नाही. मार्जिनचे टक्के बँकेबँकेत वेगळे असतात, तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेले असतील तेच खरे. मालाचं मार्जिन, येण्याचं मार्जिन आणि येण्याची मुदत, त्यातली ही तीन वाक्यं व्याजदराच्या आधी वाचा.

तुमच्यासारख्या दुकानाचं वर्ष मी या हिशोबात बसवून बघितलं. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीतले घालून पुन्हा करा.

३१ मे. माल १८ लाखांचा भरलाय, त्यात कंपन्यांचं देणं ४ लाख. राहिले १४. चौथा हिस्सा मार्जिन गेलं, डीपी साडेदहा लाख. तुम्ही उचललेत १० लाख. सगळं ठीक.

३१ जुलै. पेरण्या झाल्या. माल ८ लाखांवर आला, देणं २ लाख. राहिलेल्या ६ लाखांवर साडेचार लाख. उधारी ८ लाख, सगळी जून-जुलैची म्हणजे ९० दिवसांच्या आतली, तिच्यावर ४ लाख ८० हजार. डीपी ९ लाख ३० हजार. तुमचं खातं ९ लाखांवर. अजूनही ठीक.

३० सप्टेंबर. माल ५ लाख, देणं १ लाख, त्यावर डीपी ३ लाख. उधारी १० लाख. पण त्यातले ६ लाख जूनचे आहेत, त्यांचे ९० दिवस उलटले, ते गेले. राहिलेल्या ४ लाखांवर २ लाख ४० हजार. एकूण डीपी ५ लाख ४० हजार. आणि खातं मात्र ९ लाखांवरच आहे, कारण सोयाबीन अजून शेतात उभं आहे.

म्हणजे तुम्ही एक पैसा जास्त उचलला नाहीत, कुणाला बुडवलं नाहीत, माल खपला, धंदा उत्तम झाला, आणि खातं मर्यादेच्या ३ लाख ६० हजार वर गेलं. खातं असं सलग ९० दिवस वर राहिलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं. ३० सप्टेंबरपासून ९० दिवस म्हणजे डिसेंबरची अखेर. सोयाबीनवाले नोव्हेंबरपर्यंत पैसे देतील, त्यामुळे चांगल्या वर्षी तुम्ही सुटाल. परतीचा पाऊस लांबला, भाव पडला म्हणून शेतकऱ्यांनी माल घरात ठेवला, की सुटणार नाही. बँकेच्या लेखी एनपीए खातं होत नाही, कर्जदार होतो. सीसी गेली तर हप्ते वेळेवर भरलेलं गोदामाचं कर्जही तिच्यासोबत त्याच यादीत जातं.

ही जागा अशी आहे की इथे दुकानदाराला एक मोह होतो. तो मी डोळ्यांनी पाहिलाय म्हणून सांगते. एका ऑक्टोबरमध्ये मी तपासणीला अशाच एका दुकानात गेले होते. कागदावर माल १४ लाखांचा. गोदामात शिरले तर दाराशी खताची थप्पी छातीएवढी, नीट रचलेली. थप्पीच्या मागे गेले तर फरशी रिकामी. कोपऱ्यात कीटकनाशकाचे खोके होते, त्यांवरची मुदत संपून वर्ष झालेलं. दुकानदाराने काही न बोलता गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची खतावणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. गावागणिक पानं, पानापानावर नावं, १३ लाखांच्या वर उधारी. माल चोरीला गेला नव्हता, तो शिवारात होता. पण त्या उधारीची अर्धीअधिक पक्की बिलं नव्हती, आणि माल नसताना माल आहे असं पाच महिने सही करून लिहून दिलेलं होतं. पहिल्याच महिन्यात ते खतावणी घेऊन शाखेत आले असते तर आम्हाला काही करता आलं असतं. खोटं स्टॉक स्टेटमेंट आल्यावर बँकेचे हात बांधले जातात. तिथून पुढे तो थकबाकीचा विषय राहत नाही, फसवणुकीचा होतो.

म्हणून तुम्ही अर्ज करतानाच साहेबांना दोन गोष्टी मागा. पहिली ही, की येण्यासाठी ९० दिवसांऐवजी १८० दिवसांची मुदत धरावी, कारण या धंद्याचं चक्रच पिकाएवढं लांब आहे. वरचा सप्टेंबरचा हिशोब १८० दिवसांनी करून बघा: १० लाखांच्या पूर्ण उधारीवर ६ लाख, मालावर ३ लाख, डीपी ९ लाख. खातं जिथे आहे तिथेच. नुसत्या एका अटीने तुमचा दिवाळीपर्यंतचा घोर मिटतो. ही अट शाखेतले साहेब स्वतःच्या अधिकारात बदलू शकतील असं नाही, वर पाठवावी लागेल, आणि वर पाठवायची तर ती मंजुरीच्या आधीच जाते. एकदा छापील मंजुरीपत्र आलं की वर्षभर कुणी हात लावत नाही. दुसरी मागणी, लिमिट हंगामाप्रमाणे दोन पातळ्यांवर ठेवा: मे ते नोव्हेंबर १२ लाख, बाकीच्या महिन्यांत कमी. वरच्या हिशोबात डीपी साडेदहाच्या वर कधी गेलीच नाही. मग १६ लाखांवर प्रक्रिया शुल्क आणि दर वर्षीचं नूतनीकरणाचं शुल्क कशासाठी भरायचं? न वापरलेलं लिमिट नुसतं पडून राहत नाही, कुठल्या तरी कामाला हाक मारत राहतं. तुमच्या बाबतीत ते काम गोदाम आहे.

१८० दिवस मागायचे तर उधारी दाखवता आली पाहिजे. वहीत ‘रामराव, ४ पोती’ एवढं लिहिलेलं बँक धरणार नाही. तारीख, बिल नंबर, नाव, रक्कम असं बिलावर हवं, आणि जीएसटीच्या विवरणपत्रांत दाखवलेली विक्री, बँकेतला भरणा आणि स्टॉक स्टेटमेंट यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा. तुमच्या उलाढालीचे ८० लाख कागदावर आहेत की तोंडी, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. कागदावर ५५ असतील तर ५५ च धरून अर्ज करा.

आता गोदाम. सीसीतून ते बांधलंत तर काय होईल बघा. डीपी मालावर मिळते, भिंतीवर आणि पत्र्यावर मिळत नाही. एप्रिलमध्ये दुकानात ४ लाखांचा माल असतो, तेव्हा डीपी ३ लाख. गवंड्याला द्यायला ८ लाख आणणार कुठून? ते मिळतील मे महिन्यात, माल भरताना. पण साडेदहातले ८ गोदामात गेले तर माल भरायला अडीच उरतात. माल कमी भरला की डीपीही त्याच प्रमाणात खाली येते, आणि तुम्ही पुन्हा आडत्याच्या दारात. खेळत्या भांडवलाचा पैसा इमारतीत घातला तर बँकही त्याला निधी वळवला असंच म्हणते, तोंडी होकार कुणी दिलेला असो.

गोदामाला मुदत कर्जच बरोबर, तिथे तुमच्या मेहुण्यांचं खरं आहे. इंजिनियरचं अंदाजपत्रक लागेल, जागेचा उतारा आणि ती गावठाणात आहे की बिगरशेती झालेली आहे याचा कागद लागेल, आणि बँक पैसे एकदम न देता बांधकाम जसं चढेल तसे टप्प्याने देईल. ८ लाखांच्या कामाला तुमचे २ लाख, बँकेचे ६ लाख असं धरू. ११ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण १०,२७० रुपये येतो. (दर मी उदाहरणापुरता धरलाय.) आज भाडं ४,५०० देताय. म्हणजे महिना पावणेसहा हजार, वर्षाला जवळजवळ ७० हजार धंद्यातून जास्तीचे काढावे लागतील, तेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा गल्ला रिकामा असतो. गोदाम झाल्यावर हे ७० हजार कुठून येणार, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? आगाऊ माल उचलल्यावर कंपनी जी सूट देते, ती जागा नाही म्हणून तुम्ही सोडत असाल, तर मागच्या वर्षी अशी किती सूट सुटली ते बिलं काढून मांडा. ती ७० हजारांच्या जवळ जात असेल तर गोदाम बांधा.

पण मला त्याहून जास्त काळजी तुमच्या २ लाखांची आहे. वरच्या ३१ मेच्या हिशोबात १८ लाखांच्या मालापैकी ४ कंपन्यांचे, १० बँकेचे, आणि ४ लाख तुमचे स्वतःचे होते. तुमच्या या ४ लाखांच्या जिवावर बँक १० देते. त्यातले २ गोदामाच्या मार्जिनला काढलेत, तर राहिलेल्या २ लाखांवर बँकेच्या पैशाने १८ लाखांचा माल भरताच येत नाही. हे गणित कर्ज मागताना कुणी घालून दाखवत नाही, कारण सीसीची फाइल वेगळी, मुदत कर्जाची वेगळी, आणि दोन्हींत तुमचं मार्जिन ‘स्वतःचं भांडवल’ म्हणून सुखाने बसतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की येत्या खरिपाला फक्त सीसी घ्या. गोदाम पुढच्या वर्षी. एक खरीप सीसीवर निघाला की डीपी कशी खाली-वर होते ते हाताला कळेल, आणि शिस्तीत चाललेल्या खात्यावर पुढचं कर्ज मागणंही सोपं जाईल. हे २ लाख धंद्याबाहेरून येणार असतील, शेतीतून म्हणा किंवा दागिन्यांतून, तर दोन्ही एका वर्षात करता येतील. तरी मी घाई करणार नाही.

मेहुण्यांचा हप्त्याचा सल्ला मात्र माल भरण्यासाठी ऐकू नका. १० लाखांचं मुदत कर्ज तीन वर्षांचं घेतलं तर ११ टक्क्यांनी महिन्याला ३२,७०० च्या आसपास हप्ता. पहिल्या वर्षी व्याजच ९५ हजार. सीसीत रोजच्या शिलकेवर व्याज लागतं, त्यामुळे मे ते सप्टेंबर साडेनऊ लाख, दिवाळीच्या दोन महिन्यांत सहा, आणि उरलेले पाच महिने दोन लाख असा वापर धरला तर वर्षाचं व्याज ६४ हजारांच्या घरात बसतं. फरक दिसतोच, पण डोक्याला ताप नाही हे जे मेहुण्यांनी सांगितलं ते इथे उलटं आहे. मुदत कर्जाचा हप्ता ऑगस्टमध्येही मागतो, आणि भरलेलं मुद्दल पुढच्या मे महिन्यात पुन्हा उचलता येत नाही. वर्षाअखेर जवळजवळ ३ लाख फेडून झालेले असतात आणि माल भरायला तेवढेच कमी पडतात.

आडत्याशीही तुलना करते. त्याचे १० लाख पाच महिने वापरले की एक लाख रुपये व्याज. तेच पाच महिने सीसीत साडेनऊ लाखांवर साधारण साडेत्रेचाळीस हजार. या फरकातून बँकेचं शुल्क, मालाच्या विम्याचा हप्ता, गहाणखताचा खर्च वजा करा. जे वाचतं ते चांगलंच आहे, पण लाखो रुपये वाचतील या हिशोबाने सीसी घेऊ नका. आणि आडत्याशी संबंध तोडून टाकू नका. त्याला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट लागत नाही, ही त्याची किंमत तुम्ही मोजत होतात.

सीसीत पैसे वाचतात ते खातं कसं वापरता त्यावर. दुकानाचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडा. रोखीचा भरणा त्याच दिवशी त्याच खात्यात. २ लाख रुपये वीस दिवस दुसऱ्या करंट खात्यात पडून राहिले तर इकडे सीसीवर १,२०० रुपये व्याज लागलेलं असतं, आणि तिकडे करंट खात्यावर काही मिळालेलं नसतं. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्या. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी बँकेला धरता येत नाही, तो वापर अनियमित ठरतो. मुदत संपलेलं बियाणं-औषध त्यात लिहू नका, कंपनी परत घेत असेल तर वेळेत पाठवा. विमा मालाच्या सर्वांत मोठ्या आकड्याचा, म्हणजे मे महिन्याच्या १८ लाखांचा काढा, आणि भाड्याच्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत आहे ना ते बघा. दुकानाचा पत्ता आहे पण गोदामाचा नाही, आणि गोदामात पाणी शिरलं, अशा दाव्यांची पत्रं मी वाचली आहेत.

वहिनींच्या एफडीचं. त्यांचं म्हणणं दरापुरतं अगदी बरोबर आहे. एफडीच्या व्याजावर साधारण एक टक्का जास्त, ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम, म्हणजे ५ लाख ४० हजार, ना स्टॉक स्टेटमेंट ना गोदामाची तपासणी, आणि वापराल तेवढ्यावरच व्याज. पण ओडी वापरात असेपर्यंत ती एफडी बँकेकडे अडकलेली राहते. मुलीचा प्रवेश जून-जुलैत येतो, आणि तुमचा पैसा नेमका तेव्हाच शिवारात असतो. म्हणून खरिपाचा मुख्य पैसा यातून नको. ओडीची जागा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या खड्ड्यात आहे: बँकेने १८० दिवसांची अट मानली नाही, तर वरचे ३ लाख ६० हजार एफडीच्या ओडीतून सीसीत भरायचे आणि सोयाबीनची वसुली आली की आधी ओडी मिटवायचा. ज्या वर्षी मुलीचा प्रवेश, त्या वर्षी तेही नाही. आधी एफडी कुणाच्या नावावर आहे ते बघा. अज्ञान मुलीच्या नावावर असेल तर धंद्यासाठी त्यावर ओडी बहुतेक मिळणारच नाही, आणि वहिनींच्या नावावर असेल तर सही त्यांची लागेल, म्हणजे निर्णयही त्यांचा.

ओडी हा शब्द बँकेत दोन-तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. घर किंवा गाळा तारण ठेवून जो ओडी मिळतो त्याची डीपी मालावर अवलंबून नसते. ज्यांच्याकडे माल कमी आणि येणं जास्त, किंवा ज्यांचा धंदा सेवेचा आहे, त्यांना तो सोयीचा पडतो. पण त्यातही एक प्रकार असा असतो की लिमिट दर महिन्याला ठरलेल्या रकमेने खाली येत जातं. सही करण्याआधी एकच विचारा: तीन वर्षांनी माझं लिमिट किती असेल? रोखीने विकणाऱ्या किराणा दुकानदाराला मोठ्या सीसीची गरजच नसते, त्याचा माल पुरवठादाराच्या उधारीवर फिरतो. फ्रिज, वजनकाटा, टेम्पो यांना मुदत कर्ज. आणि घराचे कागद देण्याआधी सीजीटीएमएसई या पत हमी योजनेखाली विनातारण बसतं का, ते प्रत्येकाने विचारावं. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते. तुमची झाली नसेल तर अर्जाआधी करून घ्या, ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे.

ज्यांची सीसी आधीपासून चालू आहे त्यांनी आज खात्याचा बारा महिन्यांचा उतारा काढावा आणि त्यातला सगळ्यात खालचा आकडा शोधावा. खातं वर्षातून कधीतरी शून्याजवळ किंवा लाख-दोन लाखांवर येत असेल तर पैसा फिरतोय. सगळ्यात खालचा आकडा ६ लाख असेल, तर ते ६ लाख मालात नाहीत. ते कुठल्या तरी भिंतीत, लग्नात किंवा बुडीत उधारीत गेले आहेत, आणि तुम्ही त्यांचं नुसतं व्याज भरताय. अशा वेळी बँकेला सांगून तेवढी रक्कम हप्त्याच्या मुदत कर्जात वेगळी काढून घ्यावी आणि सीसीचं लिमिट तेवढ्याने उतरवावं. दर महिन्याचा हप्ता जड वाटतो, पण मुद्दल खाली यायला लागतं.

भाऊ, अर्ज एप्रिलमध्ये नको, आत्ताच करा. मंजुरी, गहाणखत, विमा, नोंदणी यांत दोन महिने सहज जातात, आणि कंपनीचा माल मे महिन्यात थांबत नाही. बँकेत जाताना मागच्या वर्षाचा महिनावार तक्ता घेऊन जा, तीनच रकाने: महिनाअखेरचा माल, उधारी, कंपन्यांचं देणं. बारा ओळी. साहेबांसमोर बसून सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, या दिवशी माझी डीपी किती निघेल? त्या उत्तरावर पुढचं सगळं बोलणं आपोआप येतं.

आणि जुलैत पाऊस ओढ देऊन दुबार पेरणी आली, तर सप्टेंबरची वाट बघू नका. ऑगस्टमध्येच बँकेला लेखी कळवा की वसुली लांबणार आहे, सोबत उधारीची यादी जोडा आणि पोच घ्या.